आधार कार्डाची झेरॉक्स आणा म्हणे, मग गेटवरच्या काळ्याचं काय?

लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागलीय आणि सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटोपण फिरतोय. रविवार 28 सप्टेंबर, सकाळी 10 ते 12, क्लब हाउसमध्ये सोसायटीतल्या कुत्र्यांसाठी मोफत रेबीज लसीकरण कॅम्प. खाली सोबत काय आणायचं ते दिलंय. मालकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स, मेंटेनन्स भरल्याची चालू पावती, कुत्र्याचं जुनं लसीकरण कार्ड, पट्टा, तोंडाला जाळी. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरात, मालक सोबत नसलेल्या कुत्र्यास लस दिली जाणार नाही.

तारीख चांगली धरलीय, 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चरची पुण्यतिथी. कॅम्प घ्यावासा वाटला हेपण चांगलं, आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत किती सोसायट्या एवढं तरी करतात. पण त्या शेवटच्या ओळीने अख्ख्या कॅम्पची हवा काढून घेतलीय असं माझं म्हणणं आहे, आणि ते ग्रुपवर लिहिलं तर चार थम्सअप आणि एक "कमिटीवर या मग" एवढंच येणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आमच्याकडचा हिशोब बघा. 64 फ्लॅट, त्यात पाळलेली कुत्री 11. त्यातल्या 8 जणांची लस दरवर्षी वेळेवर होते, कारण मालक स्वतःच डॉक्टरांकडे घेऊन जातात, कार्ड फाइलला लावलेलं असतं, काहींनी तर मोबाइलवर रिमाइंडरपण लावलाय. राहिली 3, त्यांचं चुकलंय किंवा लांबलंय. आणि गेटवर, पार्किंगमध्ये, मागच्या जनरेटरच्या खोलीजवळ मिळून 7 मोठी कुत्री वर्षानुवर्षं राहतात, काळ्या, राणी, लंगड्या, बाकीच्यांना ज्याची त्याची नावं आहेत. या सातांपैकी एकालाही कधी लस दिल्याचं कुणाला आठवत नाही. म्हणजे नोटिशीप्रमाणे कॅम्प अगदी शंभर टक्के यशस्वी झाला तरी नव्याने सुरक्षित होणार फक्त 3 कुत्री, आणि तीपण अशी जी दिवसातून दोनदा पट्ट्याने खाली येतात आणि परत वर जातात. रात्री कंपाउंडच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून शंभर फुटी रोडकडे जाणारी, चिकनच्या गाड्यांमागे बाहेरच्या कुत्र्यांशी भांडून कान फाडून घेऊन पहाटे परत येणारी, आणि सकाळी स्कूल बसची वाट बघणाऱ्या पोरांच्या पायात लोळणारी जी 7 आहेत, ती आहेत तशीच राहणार.

रेबीज पसरतो तो लाळेतून, म्हणजे चावण्यातून. माणसाला होणाऱ्या रेबीजमधे जगभरात 99 टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यामुळे असतात. त्यामुळे कुत्र्याकुत्र्यातली साखळी तोडली की माणसापर्यंत तो येतच नाही, आणि ती तोडायला भागातल्या सगळ्या कुत्र्यांपैकी किमान 70 टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना आकडा आहे. हा 70 कुठून येतो हे समजून घेण्यासारखं आहे. खरं तर साखळी तुटायला एखाद्या दिवशी त्यापेक्षा कमी कुत्री सुरक्षित असली तरी चालतं, पण कुत्र्यांची संख्या एका जागी थांबत नाही ना, लस दिलेली काही वर्षभरात मरतात, गाडीखाली येतात, आणि नवीन पिल्लं येतात ती बिनलसीची. म्हणून आज 70 वर नेऊन ठेवलं तर पुढच्या कॅम्पपर्यंत झिरपत झिरपत खाली आलं तरी ते धोक्याच्या रेषेच्या वर राहतं. म्हणूनच दरवर्षी द्यायचं आणि म्हणूनच रस्त्यावरची धरायची, कारण पिल्लं तिथेच होतात.

आमचंच घ्या. मोठी 18 धरली तर नोटिशीप्रमाणे लस झालेली होतात 11, म्हणजे एकसष्ट टक्के, वाईट वाटत नाही ऐकायला. पण राणीला चार पिल्लं झालीयेत, ती धरली की 22 पैकी 11, पन्नास टक्के. आणि त्याच सकाळी गेटवरच्या सातांपैकी पाच जरी धरली तरी पिल्लांसकट 22 पैकी 16 होतात, म्हणजे सत्तरच्या वर. हां, 70 टक्क्याचा हिशोब अख्ख्या वॉर्डाचा, गावाचा असतो, एका कंपाउंडचा नसतो हे मलाही कळतं. विषाणूला आपली भिंत दिसत नाही. पण वॉर्ड म्हणजे तरी काय, असली पंधरा-वीस कंपाउंडंच की, आणि प्रत्येकाने फक्त फ्लॅटमधली धरली तर वॉर्डाचा आकडा कधीच वर जाणार नाही.

आता "सोबत आणा" ची यादी. त्यातल्या निम्म्या गोष्टी खरंच कामाच्या आहेत, फक्त कशासाठी ते लिहिलेलं नाही आणि म्हणून लोक त्याच विसरतात. जुनं कार्ड आणायचं ते मागची तारीख बघायला. पहिली लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग वर्षाने बूस्टर, आणि आपल्याकडे डॉक्टर पुढे दरवर्षी द्यायला सांगतात. दोन महिन्यांपूर्वीच लस झालेलं कुत्रं फुकट आहे म्हणून परत उभं केलं तर त्याला तसा काही अपाय होत नाही, पण एक डोस वाया जातो जो खाली गेटवर लागला असता. पट्टा साधा कापडी, हातभर लांबीचा आणा, तो बटण दाबल्यावर लांब होणारा नको, दहा कुत्री एका हॉलमध्ये आली की त्याच्या दोऱ्यांचा जो गुंता होतो तो बघवत नाही. आणि कुत्र्यासोबत त्याला आवरू शकेल असा मोठा माणूस, नववीतला पोरगा पाठवू नका. ताप, उलट्या, जुलाब काही असेल, आधी कुठल्या इंजेक्शनने तोंड सुजलं असेल तर ते डॉक्टरांना सुई घ्यायच्या आधी सांगायचं. लस झाली की अर्धा तास तिथेच थांबायचं, कारण रिॲक्शन आलीच तर ती बहुतेक तेवढ्यात कळते, थोबाड सुजतं, उलटी होते, कुत्रं गळून बसतं, आणि डॉक्टर समोर असले तर इंजेक्शनने आवरता येतं. यातलं एक अक्षर नोटिशीत नाही. मेंटेनन्सची पावती मात्र आहे. ज्याने मेंटेनन्स थकवलाय त्याच्या कुत्र्याला रेबीज होणार नाही असं काही आहे का? थकबाकी वसूल करायला दुसरे शंभर मार्ग आहेत, नाव लावा बोर्डावर, पण लसीच्या दारात कशाला अडवताय.

आधारची झेरॉक्सपण तशीच. कार्डावर मालकाचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहायचा असतो, ते तोंडी विचारलं तरी कळतं, सगळे एकमेकांना ओळखतात. उलट जे कार्डावर यायलाच हवं ते कुणी बघत नाही. लसीचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, दिलेली तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर. घरी जायच्या आधी एवढं वाचून घ्या. फुकटच्या कॅम्पात नुसता शिक्का मारून कार्ड हातात देतात आणि मग पुढे कुत्रं कुणाला चावलं की त्या कार्डाचा उपयोग शून्य. आणि मागवायचीच असेल काही गोष्ट तर कमिटीने डॉक्टरांकडे मागावी, लस कशातून आणणार ते. ती 2 ते 8 डिग्रीत राहायला लागते, आणि लोकांना वाटतं जेवढी गार तेवढी चांगली, तर तसं नाही, बर्फाला चिकटून गोठली तरीपण खराब होते. आइस पॅक आणि बाटली यांच्यात कापड किंवा पुठ्ठा पाहिजे. दहा डोसची बाटली असेल तर ती क्लब हाउसच्या टेबलावर दोन तास उन्हात उघडी ठेवून चालत नाही, डोस भरला की परत बॉक्समध्ये, आणि प्रत्येक कुत्र्याला नवी सुई.

आता मूळ मुद्दा, गेटवरची का नाहीत. मी सेक्रेटरींना विचारलं, तर काका म्हणाले, "अहो, एकदा लस दिली की ती आपली झाली. उद्या कुणाला चावलं तर लोक म्हणणार सोसायटीची कुत्री आहेत, भरपाई द्या. आणि लाड केले की इथून हलणारपण नाहीत." काका माणूस चांगला आहे, कॅम्पसाठी डॉक्टरांच्या मागे तेच लागले, आणि ही भीती बऱ्याच कमिट्यांना असते, म्हणून हसून सोडून देण्यासारखी नाही.

पण बघा, ती हलणार नाहीतच. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत अशा कुत्र्यांना त्या भागातले सामुदायिक प्राणी धरलंय, त्यांच्या लसीकरणाची आणि नसबंदीची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे आमच्याकडे सांगली मिरज कुपवाड महापालिकेची, आणि नसबंदी-लस करून जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. 22 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानेपण दिल्लीच्या केसमध्ये तेच सांगितलं, नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन त्याच भागात सोडा, फक्त पिसाळलेलं, तसा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं सोडू नका. कुत्र्याला लस टोचली म्हणून सोसायटी त्याची मालक झाली असं या नियमांत कुठेही नाही. पाळीव कुत्र्याची जबाबदारी मालकाची आणि रस्त्यावरच्याची पालिकेची, अशी वाटणी नियमातच केलेली आहे, आणि त्याच नियमात सामुदायिक प्राण्यांच्या खाण्याची सोय करायची जबाबदारी सोसायट्यांवरपण टाकलीय. मग कोण म्हणेल, पालिकेचं काम आपण का करायचं? बरोबर आहे, ज्यांना हात लावता येत नाही त्यांच्यासाठी पालिकेची गाडी आणि जाळीवाली माणसंच पाहिजेत, तो अर्ज द्याच. पण डॉक्टर रविवारी आपल्या दारात येणार, बॉक्स दारात, आणि काळ्या त्याच दारात झोपलेला. त्याला ओलांडून डॉक्टर आत क्लब हाउसमध्ये जाणार आणि पाचव्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरला टोचून परत काळ्याला ओलांडून बाहेर पडणार, यात कुठली कायदेशीर सोय झाली ते मला कळलेलं नाही.

आणि भरपाईच्या भीतीचं म्हणाल तर उलट आहे. समजा स्कूल बसजवळ एखाद्या पोराला काळ्याने दात लावला. आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही, आणि सिव्हिलला जायचं. तिथे त्या दिवशी लस सुरू होते, जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत सीरमपण देतात. कुत्र्याला लस झालीय म्हणून माणसाने सुई घ्यायची नाही असं अजिबात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण कार्ड दाखवून घरी बसणारे लोक मी बघितलेत. पोटात 14 इंजेक्शनं हा प्रकार मात्र 2005 च्या सुमारास देशात बंद झाला, आता दंडात चार-पाच डोस असतात. पण मग डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, कुत्रं कोणतं, 10 दिवस नजरेखाली ठेवता येईल का. कारण कुत्र्याच्या लाळेत विषाणू यायला लागतो तो लक्षणं दिसायच्या थोडे दिवस आधी, आणि लक्षणं सुरू झाली की ते फार दिवस टिकत नाही. म्हणजे चावल्यानंतर दहाव्या दिवशी कुत्रं धडधाकट खातंपितंय तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, आणि पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर त्यावरून ठरवतात. हे दहा दिवस फक्त ओळखीच्या कुत्र्याबाबत मोजता येतात. नाव आहे, फोटो आहे, कधी लस दिली ते लिहिलेलं आहे, वॉचमन मामा रोज बघतात. "एक तांबडं कुत्रं होतं, पळून गेलं" याच्यावर कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. त्यामुळे आई-बापांच्या, कमिटीच्या, सगळ्यांच्याच दृष्टीने रजिस्टरमध्ये नोंद असलेला काळ्या हा बिननावाच्या काळ्यापेक्षा कितीतरी बरा.

करायचं कसं तेही अवघड नाही, पण नोटिशीतली वेळ बदलायला लागेल. गेटवरची कुत्री पहिली घ्यायची, सकाळी 7 ला, पाळलेली खाली यायच्या आधी. दहा वाजता वरची कुत्री भुंकायला लागली की खालची पांगतात, मग संध्याकाळपर्यंत हाती लागत नाहीत. त्यांना क्लब हाउसमध्ये आणायचं नाही, डॉक्टरांनी त्यांच्या जागेवर जायचं. रोज जो माणूस खायला घालतो त्यानेच हाक मारायची. आमच्याकडे एक वहिनी आहेत आणि वॉचमन मामा आहेत, या दोघांच्या हाताला पाच कुत्री नक्की येतात. आदल्या रात्रीचं जेवण थोडं कमी द्यायचं म्हणजे सकाळी भुकेने जवळ येतात. नायलॉनच्या पट्ट्याचा फास करून खाताना अलगद गळ्यात, एकाने डोकं स्वतःच्या पायाशी धरायचं, डॉक्टर मागून मानेच्या सैल कातडीत किंवा मांडीत 1 मिलि टोचून मोकळे. चाळीस सेकंदाचं काम आहे. राणी पिल्लांवर आहे, तिला पिल्लांपासून चार पावलं लांब बोलवून घ्यायचं, जवळ गेलं तर ती चावेल आणि त्यात तिची चूक नसेल. जी दोन हाताला येत नाहीत त्यांच्या मागे पळायचं नाही, कोपऱ्यात कोंडायचं नाही, बघ्यांची गर्दी तर अजिबात नको. ती दोन पालिकेच्या अर्जात लिहा. आणि जे दोघं धरणार त्यांनी स्वतः आधीची प्रतिबंधक लस घेतलेली असेल तर उत्तम, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

टोचून झालं की डोक्यावर रंगाची खूण. खानापूर-आटपाडीकडचे मेंढपाळ मेंढरांना करतात तशी, तोच रंग बाजारात मिळतो, आठवड्या-दोन आठवड्यात जातो पण तोपर्यंत कोण झालं कोण राहिलं हे लांबून कळतं. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेच्या टीमा गल्लोगल्ली फिरून असंच करतात, लस, रंग आणि मोबाइलवर नोंद, आणि 2021 साली गोवा सरकारने राज्य रेबीज नियंत्रित जाहीर केलं. तिथे रस्त्यावरच्या कुत्र्याकडे आधारची झेरॉक्स मागितली असती तर अजून पणजीतच अडकले असते. मग दोन्ही बाजूंनी फोटो, कानाला नसबंदीची खाच आहे का नाही तेवढं लिहायचं, आणि रजिस्टर गेटवर मामांच्या टेबलात. मालकाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून अडू नका, "परिसरातील, खाऊ घालणारे अमुक" असं लिहिता येतं.

पैशाचं म्हणाल तर बाहेर एका कुत्र्याची लस डॉक्टरांच्या फीसकट तीन-चारशे रुपयांत होते, कॅम्पात त्याहून कमीच. सात डोस. ज्या सोसायटीने परवा गणपतीत फक्त साउंडसाठी किती दिले ते सगळ्यांना माहितीये तिथे यावर मीटिंग घ्यायची वेळ येऊ नये.

एक गोष्ट मात्र या रविवारी होणार नाही, राणीची पिल्लं. ती आत्ता सहा आठवड्यांची आहेत, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस नीट लागत नाही, म्हणून तीन महिने पूर्ण व्हायला हवेत. म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असेल, निम्मे लोक गावावरून आलेले नसतील आणि कमिटीत कुणालाच ही पिल्लं आठवणार नाहीत, "पुढच्या वर्षीच्या कॅम्पला बघू" म्हणतील. तोपर्यंत ती चारही वर्षाची होतील आणि त्यातल्या माद्यांना स्वतःची पिल्लं झालेली असतील. त्यामुळे डॉक्टर रविवारी येतील तेव्हाच 9 नोव्हेंबरची वेळ त्यांच्या डायरीत लिहून घ्या, आणि राणीच्या नसबंदीचा अर्ज सोमवारी पालिकेत टाका, पिल्लं सुटली की तिला उचलतील.